‘झालं का जेवण?’ला काय म्हणावं

‘रामराम’ला घड्याळ नसतं. पहाटे पाचलाही तो चालतो आणि रात्री दहालाही. ‘जय भीम’, ‘जय हरी’, वारीतलं ‘माउली’ यांचंही तसंच. सुप्रभात आणि शुभ रात्री हे शब्द आपल्याकडे छापील आहेत; मोबाइलमुळे ते घरोघर पोचले, पण पारावर किंवा जिन्यात समोरासमोर कुणी ‘सुप्रभात’ म्हणालं तर क्षणभर आपण शाळेच्या फळ्यासमोर उभे आहोत असं वाटतं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मात्र वेळ थेट अभिवादनातच आहे. दिवसा ‘देव बरो दीस दिवूं’, संध्याकाळी ‘देव बरी सांज दिवूं’, रात्री ‘देव बरी रात दिवूं’. उत्तरादाखल तेच शब्द परत दिले तरी भागतं.

मराठीत वेळ लपलेली असते ती रामरामनंतरच्या प्रश्नात. चहा झाला का, जेवण झालं का, आज लवकर आलात, अजून जागेच? विचारणाऱ्याला माहिती नको असते. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने 1923 साली लिहिलं होतं की अशा बोलण्याचं काम मजकूर पोचवणं नसून माणसं जोडून ठेवणं हे असतं. ते खरंच आहे, पण म्हणून कुठलंही उत्तर चालतं असं नाही. प्रत्येक प्रहराच्या प्रश्नाबरोबर विचारणाऱ्याच्या डोक्यावर एक छोटी जबाबदारी येते, आणि चांगलं उत्तर त्याला तिच्यातून मोकळं करतं.

भल्या सकाळी ही जबाबदारी जवळपास नसतेच, कारण निम्मी माणसं उत्तर द्यायच्या स्थितीत नसतात. एकाच्या तोंडात मशेरी, दुसरा सोवळ्यात पूजेला बसलेला, तिसऱ्याच्या हातात दुधाचे कॅन. तेव्हा मान हलवणं किंवा लांबट ‘हंऽऽ’ हेच पूर्ण उत्तर, त्यात तुसडेपणा कुणी शोधत नाही. गावाकडे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला रामराम घालायचाच नाही, ही रीत तर सगळ्यांना न सांगता कळायची. सकाळी बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे?’ म्हणून अडवणं जुनी माणसं अशुभ मानतात. ती फार तर ‘लांब का?’ असं विचारतात, आणि ‘नाही, जवळच’ एवढ्यावर दोघं आपापल्या वाटेने जातात. जवळच म्हणणारा मुंबईची गाडी पकडायला निघालेला असू शकतो. ते खोटं बोलणं धरलं जात नाही.

खरी गंमत दुपारच्या एकला सुरू होते. समजा, वहिनी दारात उभ्या आहेत, शेजारचे अण्णा बँकेतून परतताहेत. वहिनी विचारतात, ‘काय अण्णा, झालं का जेवण?’ अण्णांचं जेवण झालेलं नाही. त्यांनी सरळ ‘नाही’ म्हटलं तर वहिनींना ‘मग या ना, दोन घास खाऊन जा’ म्हणणं भागच पडतं, आणि आत कदाचित मोजक्याच पोळ्या असतील. अण्णांनी ‘हो, झालं’ म्हटलं तर विषय संपतो. पण बँकेची पिशवी हातात, घामाघूम चेहरा, वहिनींना ते पटणार नाही. म्हणून मुरलेला माणूस तिसरं उत्तर देतो: ‘निघालोच आहे, घरी पानं मांडलीच असतील. तुमचं?’ यात खरं तेवढंच सांगितलं, कुणीतरी वाट पाहतंय हे कळवून बोलावण्याची गरज उरू दिली नाही, आणि शेवटी प्रश्न परत केला. तो परतीचा प्रश्न विसरला तर उत्तर लंगडं होतं. वहिनींनी मग ‘आमचं आत्ताच’ म्हणायचं. त्यांचं राहिलं असलं तरी ‘हे आले की बसू’ म्हणायचं, म्हणजे अण्णाही मोकळे.

चुकतं कुठे, ते विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं. उत्तर ऐकून त्याची नजर आत स्वयंपाकघराकडे वळली, तर तुम्ही त्याला अडकवलंत. ‘अहो, कसलं जेवण, सकाळपासून पाणीसुद्धा नाही प्यायलो’ हे उत्तर त्याच जातीचं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्सने 1975च्या एका लेखात नेमकं हेच दाखवलं. ‘कसे आहात?’ला खरं दुखणं सांगितलं की ऐकणाऱ्याला ‘का? काय झालं?’ विचारावं लागतं, म्हणून सगळेच ‘बरं आहे’ म्हणतात. पुणेकरांच्या नावावर खपवलेला ‘जेवूनच आला असाल ना?’ हा विनोद या रिवाजाची दुसरी बाजू दाखवतो. तिथे प्रश्नातच उत्तर भरून ठेवलेलं असतं, पाहुण्याने फक्त मान डोलवायची. मला तो कंजूषपणा कधीच वाटला नाही. दोघांचेही कष्ट वाचतात.

परदेशातल्या मुलांशी बोलताना हा हिशेब गडबडतो. पुण्यात रात्री नऊला आई फोन करते तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा असतात, आणि तिचा पहिला प्रश्न ‘जेवलास का?’ हाच असतो. ‘अगं आई, इथे सकाळ आहे’ हे बरोबर असूनही वाईट उत्तर. तिची वेळ धरून ‘तुमची जेवणं झाली? आज काय केलं होतंस?’ म्हटलं की संभाषण रुळावर येतं, आणि मग स्वतःच्या नाश्त्याचं सांगता येतं.

चारच्या चहाबद्दल फार लिहायला नको. तिथे ‘नको, आत्ताच झाला’ हे पहिलं उत्तर कुणी मनावर घेत नाही, दुसऱ्या आग्रहाला ‘बरं, अर्धा कप’ म्हणायची सोय असते.

तिन्हीसांजेला उत्तराचा सूर बदलतो. दिवेलागणीला वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, ही समजूत अजून बऱ्याच घरांत जिवंत आहे. दुपारी ‘कसं चाललंय?’ला ‘मरतोय कामाने’ म्हणून हसता येतं. तेच वाक्य दिवा लावल्यावर तोंडातून निघालं तर आजी ‘शुभ बोल’ म्हणून दटावते. या वेळी ‘छान चाललंय’ म्हणायचं, कर्जाचं, आजाराचं नंतर काढायचं. दारात आलेल्या सवाष्णीला हळदकुंकू लावल्याशिवाय जाऊ देत नाहीत, तेव्हा ‘घाईत आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. दोन मिनिटं टेकायचं आणि ‘येते’ म्हणून उठायचं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत याच सुमाराला तेर्स आटोपल्यावर मुलं थोरांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद मागतात, आणि थोरांचं उत्तर ‘देव बरें करूं’ अशा धर्तीचं असतं.

रात्री काही वेळा अभिवादनच टाळावं लागतं. झोपलेल्या, आडव्या झालेल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडत नाहीत, कारण आडव्या देहाला नमस्कार फक्त मृत्यूनंतर होतो. गाडीने उशिरा पोचलेला नातू वाकू लागला तर आजोबा आधी उठून बसतात, मग आशीर्वाद देतात. बाहेरून हाक आली तर कोकणात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही असं म्हणतात. भुताखेताची ती समजूत बाजूला ठेवली तरी आतून ‘कोण?’ विचारल्यावर नुसतं ‘मी’ म्हणणं अंधारात कुचकामी. नाव सांगावं, आणि काम किरकोळ असेल तर तेही लगेच.

साडेदहानंतरच्या फोनला तर हे जास्तच लागू. ‘झोपला नव्हता ना?’ला ‘नाही नाही, जागाच होतो’ हे ठरलेलं उत्तर, आवाज कितीही घोगरा असो. पण त्या क्षणी ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आलेला असतो. म्हणून फोन करणाऱ्याने ‘सगळं ठीक आहे’ हे आधी म्हणावं आणि झोपेची विचारपूस त्यानंतर. त्याने तसं केलं नाही, तर ‘जागाच होतो’ला जोडून ‘ठीक ना सगळं?’ असं आपणच विचारून टाकावं.