काखेत हात घालून उचलू नका

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला माणूस रुग्णालयातून घरी आला की पहिल्या आठवड्यात बहुतेक घरांत त्याला एकाच पद्धतीने खुर्चीत बसवलं जातं. मुलगा समोर उभा राहतो, वडिलांच्या दोन्ही काखांत हात घालतो, वडील त्याच्या मानेला मिठी मारतात आणि मुलगा कंबरेचा जोर लावून त्यांना वर ओढतो. माणूस खुर्चीत पोचतो, म्हणून पद्धत बरोबर आहे असं सगळ्यांना वाटतं. घरोघरी जाऊन उपचार करताना मला हे सतत दिसतं, आणि त्याचे परिणामही.

पहिला परिणाम रुग्णाच्या खांद्यावर होतो. खांद्याचा गोळा फार उथळ खोबणीत बसलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवण्याचं काम मुख्यतः भोवतीचे स्नायू करतात. अर्धांगवायूत ते स्नायू सैल पडतात आणि हाताच्या वजनानेच गोळा थोडा खाली उतरतो. खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर तिथे खळगा लागतो. अशा खांद्याला काखेतून वर रेटलं किंवा तो हात धरून ओढलं की सांध्याभोवतीच्या शिरा आणि अस्तर दुखावतं. दुखरा खांदा मग कित्येक महिने व्यायाम करू देत नाही, आणि हाताची हालचाल परत यायची असेल तर तीही लांबते.

दुसरा परिणाम उचलणाऱ्याच्या पाठीवर होतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेतले संशोधक टॉमस वॉटर्स यांनी २००७ साली रुग्ण हाताने उचलण्यासाठी ३५ पौंडांची, म्हणजे सुमारे १६ किलोंची मर्यादा सुचवली. तीही रुग्ण सहकार्य करत असेल, जागा पुरेशी असेल आणि वजन अंगाजवळ धरता येत असेल तर. आपल्या घरात साठ-पासष्ट किलोंचा माणूस असतो आणि पलंग-कपाटाच्या मध्ये दीड हात जागा असते. म्हणून काम उचलण्याचं नाहीच असं आधी मनाशी पक्कं करावं लागतं. रुग्णाने आपल्या चांगल्या पायावर स्वतः उभं राहायचं. आपण त्याला पुढे झुकायला मदत करायची, त्याचा कमजोर गुडघा दुमडू द्यायचा नाही आणि त्याला वळवायचं.

आता हे त्याला जमेल का, ते आधी पाहावं लागतं. पलंगाच्या काठावर तो दोन मिनिटं आधाराशिवाय बसू शकतो का? सांगितलेलं समजतं का? चांगला पाय जमिनीवर दाबून ढुंगण गादीपासून थोडं वर उचलता येतं का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील तरच एकट्याने पुढे जायचं. बसल्या बसल्या तो चांगल्या हाताने स्वतःलाच कमजोर बाजूकडे रेटत असेल, तर ती हट्टी सवय समजू नका. मेंदूला मधोमध म्हणजे कुठे हेच कळेनासं झालेलं असतं. अशा रुग्णाला फिजिओथेरपिस्टने पाहिल्याशिवाय एकट्याने उभं करू नये.

एक उदाहरण घेऊ. बाबा अडुसष्ट वर्षांचे, वजन पासष्ट किलो, डावी बाजू गेलेली, उजवी चांगली. त्यांना हलवणारी सूनबाई त्यांच्यापेक्षा पंधरा किलोंनी हलकी.

तयारी आधी खुर्चीची. बाबांना पलंगाच्या उजव्या काठावर बसवायचं, म्हणजे त्यांची चांगली बाजू उशीकडे येते. व्हीलचेअर त्याच बाजूला, उशीच्या अंगाला, पलंगाशी तिरकी लावायची, तोंड पायथ्याकडे. दोन्ही ब्रेक लावून खुर्ची हाताने ढकलून पाहायची. घडीच्या खुर्च्यांचे ब्रेक वापरात सैल होतात, आणि चाकात हवा कमी असेल तर लावलेला ब्रेकही धरत नाही. पायठेवण्या वर दुमडून बाजूला करायच्या. त्यांच्यावर पाय पडला की खुर्ची पुढे कलंडते. लघवीची पिशवी असेल तर ती आधी खुर्चीकडे न्यायची. नळी ताणली गेली तर फार वेदना होतात.

जमीन कोरडी हवी. बाबांच्या पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट हवेत. स्लिपर नको, आणि फरशीवर नुसते मोजे तर नकोच. सूनबाईने पदर खोचून निऱ्या पायात येणार नाहीत अशा कराव्यात. बाबांच्या कंबरेला रुंद, जाड सुती पट्टा बांधायचा. ऑर्थोपेडिक साहित्याच्या दुकानात तो ट्रान्सफर बेल्ट म्हणून मिळतो. पट्टा कपड्यांवरून, बोटं जेमतेम आत जातील इतका घट्ट. पोटात अन्ननळी घातली असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया ताजी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो बांधू नये. लेंग्याच्या नाडीला धरून मात्र कधीच उठवू नये.

झोपलेल्या बाबांना आधी उजव्या कुशीवर वळवायचं. डावा गुडघा दुमडून, डावा हात पोटावर ठेवून, सूनबाईने एक हात त्यांच्या डाव्या खांद्याच्या मागे पाठीवर आणि एक कुल्ल्यावर ठेवून आपल्याकडे वळवायचं. मग दोन्ही पाय काठाखाली सोडायचे. पायांचं वजन खाली जातं आणि त्याच जोरावर धड वर येतं. बाबांनी उजव्या कोपराने गादी दाबायची आणि सूनबाईने पाठीला आधार द्यायचा. मान धरून ओढायचं नाही.

बसल्यावर दोन-तीन मिनिटं थांबायचं. बरेच दिवस आडवं पडून राहिलेल्या माणसाचा रक्तदाब उठताना घसरतो. चेहरा फिकट पडला, घाम फुटला, जांभया येऊ लागल्या किंवा उत्तर द्यायला वेळ लागू लागला तर तो दिवस उठवायचा नाही. लगेच आडवं करून पाय उंच करायचे आणि डॉक्टरांना कळवायचं.

इथे आपल्या घरांची एक खास अडचण आहे. स्टोरेजच्या बॉक्सचे पलंग खालून बंद असतात. माणूस खुर्चीतून किंवा खाटेवरून उठतो तेव्हा टाचा गुडघ्यांच्या मागे घेतो. बॉक्सच्या पलंगावर टाचा लाकडाला अडतात आणि माणूस मागेच पडतो. उपाय सोपा आहे. बाबांना काठाच्या इतकं पुढे सरकवायचं की मांडीचा अर्धा भाग गादीबाहेर येईल. मग टाचांना मागे जागा मिळते. काठावर खचणारी जुनी गादी मात्र बदलावीच लागते. पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवून त्याची उंची व्हीलचेअरच्या बैठकीइतकी करून घ्यावी. उंच पलंगावरून उठणं सोपं जातं, पण पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत.

आता उभं राहणं. सूनबाईने बाबांच्या समोर, थोडं डावीकडे, पाय पुढे-मागे फाकवून उभं राहायचं आणि आपला गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला समोरून टेकवायचा. स्वतःचे गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, दोन्ही हातांनी पट्टा मागच्या बाजूने धरायचा. बाबांचा डावा हात त्यांच्या मांडीवर ठेवायचा. त्यांनी सूनबाईच्या गळ्यात हात टाकायचा नाही. तोल गेला तर पासष्ट किलो तिच्या मानेला लटकतील.

मग सांगायचं, "बाबा, नाक पुढे न्या, पायाच्या बोटांच्या पुढे. तीन म्हटल्यावर उजवा पाय दाबा." माणूस बसल्या जागी सरळ वर उठत नाही. वजन आधी पावलांवर यावं लागतं. घरच्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. ते रुग्णाच्या इतके जवळ उभे राहतात की त्याला पुढे वाकायला जागाच उरत नाही, मग सगळा भार त्यांच्या कंबरेवर येतो. सूनबाईने एक पाऊल मागे असावं आणि एक-दोन-तीन म्हणत आपलं वजन मागच्या पायावर न्यावं. पट्टा त्याबरोबर पुढे येतो, ढुंगण गादीवरून सुटतं.

पूर्ण ताठ उभं करायची गरज नाही. ढुंगण खुर्चीच्या हातापेक्षा वर आलं की पुरे. खुर्चीचा हात काढता येत असेल तर पलंगाकडचा काढून ठेवावा, मग तेवढंही उठावं लागत नाही. बाबा उजव्या हाताने खुर्चीचा पलीकडचा हात धरतील आणि छोट्या पावलांनी वळतील. सूनबाईनेही पावलं टाकत वळायचं. पाय जागेवर रोवून कंबर पिळली की मणक्याला धोका होतो. मांड्यांच्या मागे खुर्ची लागली की पुन्हा पुढे झुकून हळू बसायचं. धपकन बसू द्यायचं नाही. शेवटी ढुंगण पाठीपर्यंत मागे सरकवायचं, पायठेवण्या लावायच्या आणि डावा हात मांडीवरच्या उशीवर ठेवायचा. लोंबता हात चाकाच्या आऱ्यांत अडकू शकतो.

परत पलंगावर नेताना खुर्ची तशीच ठेवली तर बाबांची डावी, कमजोर बाजू पलंगाकडे येते आणि त्याच बाजूने वळावं लागतं. म्हणून खुर्ची फिरवून पायथ्याकडे आणायची, तोंड उशीकडे. म्हणजे उजवी बाजू पलंगाकडे येते. नेमकं हेच विसरलं जातं आणि परतताना पडणं घडतं.

मधेच पाय गळाले तर जोर लावून धरून ठेवू नका. पट्टा न सोडता, आपला गुडघा वाकवून त्यांना आपल्या मांडीवरून हळू जमिनीवर सरकू द्या आणि डोकं आपटणार नाही एवढं बघा. मग घाईने उचलू नका. कंबरेत किंवा मांडीत दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हाड मोडलं असण्याची शक्यता असते. तिथेच पांघरूण घालून डॉक्टर किंवा रुग्णवाहिका बोलवा.

चांगला पायही वजन घेत नसेल तर वरची पद्धत वापरू नका. बसता येत असेल तर पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये टाकायची गुळगुळीत फळी मिळते. तिच्यावरून रुग्ण घसरत जातो, पण त्यासाठी खुर्चीचा हात निघणारा हवा, म्हणून खुर्ची घेतानाच ते पाहा. बसताही येत नसेल तर कापडी झोळीत घेऊन उचलणारा हायड्रॉलिक होइस्ट लागतो. मोठ्या शहरांत तो भाड्याने मिळतो. होइस्ट येईपर्यंत दोन जणांशिवाय हलवू नका.

आणि एक विनंती. डिस्चार्जच्या आधी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टला सांगा, "घरी हे मी करणार आहे, माझ्याकडून एकदा करून घ्या." त्यांनी करून दाखवलेलं नुसतं बघून निघू नका. त्यांच्यासमोर तुमच्या हातून दोन्ही दिशांना, जाताना आणि परतताना, एकदा तरी नीट झालं की मगच रुग्णाला घरी न्या.