लाल गुलाब पिवळा का छापला जातो?

इंकजेट प्रिंटर लाल रंग मजेंटा आणि पिवळ्या शाईतून बनवतो. त्यामुळे लाल गुलाब पिवळा छापला गेला, तर मजेंटा कागदावर पोहोचत नाही, असे समजावे. खात्रीसाठी मेंटेनन्स मेनूतून ‘नोझल चेक’ छापा. मजेंटाच्या रेघा तुटक असतील, तर काही छिद्रे बहुधा वाळलेल्या शाईने बुजली आहेत. हेड क्लीनिंग करून नमुना पुन्हा छापा. रेघा अजिबातच नसतील, तर आधी कार्ट्रिजमधील शाई तपासा. क्लीनिंग वारंवार करू नका, त्यात बरीच शाई खर्च होते.

रेघा अखंड आहेत, पण पिवळ्यात हिरवट झाक दिसते? मग त्यात निळी शाई मिसळली आहे. क्लीनिंगनंतरही झाक टिकली, तर टाकीत चुकीची बाटली ओतली गेली असू शकते. नमुना निर्दोष असेल, तर कागदाच्या प्रकाराचे सेटिंग तपासा.