गुणपत्रकातल्या दोन रकान्यांविषयी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गुणपत्रकात एकाच विषयासमोर कधी कधी दोन-तीन रकाने दिसतात. घरी मात्र बहुधा एकाच रकान्याकडे पाहिले जाते, तो म्हणजे लेखी परीक्षेचा. मग उरलेले रकाने कशासाठी असतात?

महाराष्ट्रात 2010 साली पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' ही पद्धत सुरू झाली. तिचे दोन भाग होते. शिकणे चालू असतानाच वर्षभर जे पाहिले जाते ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी जे पाहिले जाते ते संकलित मूल्यमापन. पुढे काही नियम बदलले. पाचवी व आठवीसाठी 2023-24 पासून वार्षिक परीक्षा आली. पण वर्षभर पाहायचे ते काय, हा प्रश्न तोच राहिला. मालेगावच्या एका उर्दू शाळेतील मराठीच्या शिक्षिकेने सातवीतल्या एका मुलीच्या वडिलांना लिहिलेले हे पत्र वाचा. मुलीचे वडील यंत्रमागावर काम करतात.

मालेगाव,
5 नोव्हेंबर 2012

माननीय पालक,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी आपण मुलीचे गुणपत्रक घेऊन शाळेत आलात. मराठीच्या लेखी परीक्षेत तिला 50 पैकी 17 गुण मिळालेले पाहून आपण म्हणालात, "बाई, मराठी हिच्या डोक्यात शिरत नाही. हिला पुढे शिकवू की घरीच बसवू?" तेव्हा वर्ग सुरू होता, म्हणून मला नीट उत्तर देता आले नाही. ते आता देत आहे.

प्रथम पूर्ण आकडे पाहू. सातवीला एका सत्रात मराठीचे 100 गुण असतात. त्यांपैकी 40 आकारिक मूल्यमापनाचे व 60 संकलित मूल्यमापनाचे. त्या 60 मध्ये 10 तोंडी परीक्षेचे व 50 लेखी परीक्षेचे. आपल्या मुलीला आकारिकमध्ये 27, तोंडी परीक्षेत 9 आणि लेखी परीक्षेत 17 असे एकूण 53 गुण आहेत. 51 ते 60 गुणांना क-1 ही श्रेणी मिळते, ती तिला मिळाली आहे.

आता ते 27 गुण कसे आले? मी पाच प्रकारची कामे घेतली. तोंडी कामात तिला 10 पैकी 9, उपक्रमात 5 पैकी 4, प्रकल्पात 5 पैकी 3, स्वाध्यायात 10 पैकी 7 आणि छोट्या लेखी चाचणीत 10 पैकी 4 गुण आहेत. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. जी मुलगी बोलताना 9 गुण मिळवते, तीच लिहिताना 4 वर येते. मराठी तिच्या डोक्यात शिरत नसती, तर ती बोलू शकली नसती. म्हणजे अडचण भाषा समजण्यात नाही, ती लिहिण्यात आहे. नुसते 17 पाहून हे कळले नसते.

पण लिहिण्यात नेमके काय अडते? त्यासाठी मी तिच्या वह्या काढल्या. जुलैमध्ये मी वर्गाला 20 शब्दांचे श्रुतलेखन दिले होते. तिने 'दिवस' हा शब्द 'दवस' असा लिहिला होता. 'मुलगी'चे 'मलगी' झाले होते, 'पुस्तक'चे 'पस्तक'. मात्र 'पाणी', 'गाडी', 'दूध', 'मीठ' हे शब्द बरोबर होते. मी मोजून पाहिले. ऱ्हस्व इकार किंवा उकार असलेल्या 10 शब्दांपैकी 8 चुकले होते. दीर्घ स्वरांच्या 10 शब्दांपैकी एकही चुकला नव्हता.

याचे कारण आपल्या सहज लक्षात येईल, कारण आपण उर्दू वाचता. उर्दूत 'तीर' लिहिताना ते, ये, रे अशी अक्षरे येतात. 'दूर' लिहिताना दाल, वाव, रे. दीर्घ स्वरासाठी अक्षर असते. पण 'दिन' लिहिताना आपण फक्त दाल आणि नून लिहितो. खालचा जेर बहुधा कोणी लिहीत नाही. 'मुल्क' लिहिताना पेशही देत नाही. वाचणारा ते मनानेच भरून घेतो. आपली मुलगी मराठी लिहितानाही तेच करत होती. उर्दूचा नियम ती इमानाने पाळत होती. परंतु मराठीत ऱ्हस्व स्वराची खूणसुद्धा लिहावीच लागते, हे तिच्या हाताला अजून ठाऊक नव्हते.

कारण कळल्यावर उपाय सोपा झाला. "तू लिहिलेलेच मला वाचून दाखव. प्रत्येक अक्षराखाली बोट ठेव आणि जेवढे लिहिले आहे तेवढेच वाच," असे मी तिला सांगितले. तिने 'द-व-स' असे वाचले आणि स्वतःच हसली. त्यानंतर ती रोज असे पाच शब्द वाचू लागली. ऑगस्टमध्ये तशाच 10 शब्दांत 5 चुका झाल्या, सप्टेंबरमध्ये 2. आकारिक मूल्यमापन जे मोजते ते हेच. मूल आज कोठे आहे, कशामुळे अडले आहे आणि मागच्या महिन्यापेक्षा पुढे सरकले आहे की नाही. ते मुलाची बुद्धी मोजत नाही आणि वर्गातला नंबरही ठरवत नाही.

मग चुका कमी होऊनही लेखी परीक्षेत 17 च गुण का, असे आपण विचाराल. मीही तिची उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली. जेवढे लिहिले आहे, ते बरेचसे बरोबर आहे. पण पत्र आणि निबंध ही 15 गुणांची दोन उत्तरे कोरी आहेत. ती आता प्रत्येक शब्द तपासत लिहिते, त्यामुळे तिचा वेळ संपला. म्हणून लेखी परीक्षा खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. ठरलेल्या वेळात लिहिणे हेही एक कौशल्य आहे आणि ते तिला अजून आलेले नाही. दुसऱ्या सत्रात आम्ही त्याच्याच मागे लागणार आहोत. रोज 10 मिनिटे, घड्याळ लावून, न थांबता पाच-सहा ओळी लिहायच्या. चुका नंतर शोधायच्या.

आपण मागावर काम करता, म्हणून एक गोष्ट विचारते. उभा धागा तुटला की आपण लगेच माग थांबवून गाठ मारता, की संपूर्ण कापड विणून झाल्यावर पाहता? कापड शेवटीही तपासतात, पण तेव्हा दोष फक्त दिसतो. तो दूर करण्याची वेळ निघून गेलेली असते. वर्षभराचे निरीक्षण म्हणजे चालू मागावरची नजर आणि लेखी परीक्षा म्हणजे शेवटची तपासणी. दोन्ही लागतात.

ही पद्धत कोठे फसते, तेही सांगते. माझ्या वर्गात 52 मुली आहेत. ज्या सारखा हात वर करतात त्या आपोआप डोळ्यांत भरतात, गप्प बसणाऱ्या राहून जातात. म्हणून मी रोज पाच मुलींची नावे आधीच ठरवते आणि त्या दिवशी त्यांच्याकडेच लक्ष देते. अशा रीतीने महिन्यातून साधारण दोनदा प्रत्येकीची पाळी येते. दुसरा धोका नोंदींचा असतो. 'हुशार आहे', 'प्रगती चांगली' अशा नोंदी कोणत्याही मुलीला चिकटवता येतात. त्यावरून पुढे काय करायचे ते कळत नाही. '10 पैकी 8 शब्दांत ऱ्हस्व स्वराची खूण राहिली' ही नोंद फक्त आपल्या मुलीचीच आहे आणि तिच्यातूनच उपाय निघाला.

तिसरी गोष्ट सांगताना रागावू नका. प्रकल्पात तिला 5 पैकी 3 च गुण का? बाजारातल्या दुकानांच्या मराठी पाट्या गोळा करण्याचा तो प्रकल्प होता. पाट्या तिनेच शोधल्या होत्या, कारण कोणती पाटी कोठे आहे हे तिने न अडखळता सांगितले. पण वहीतले वळणदार अक्षर तिचे नव्हते. विचारल्यावर "भाईजानने लिहून दिले," असे तिने खरे सांगितले. जे काम तिचे, त्याचेच गुण मी दिले. घरच्यांनी मायेने केलेली मदत माझ्या वहीत तिच्या नावावर चढली, तर तिची अडचण माझ्यापासून लपते. वाकडेतिकडे चालेल, पण तिचेच अक्षर मला हवे आहे.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर. तिला घरी बसवण्याजोगे या गुणपत्रकात काहीही नाही. जुलैतल्या 8 चुका सप्टेंबरमध्ये 2 वर आणणारी मुलगी शिकत आहे. दर महिन्याच्या अखेरीस तिची वही मी घरी पाठवीन. आपल्याला मराठी वाचता येत नसले तरी हरकत नाही. तिला बोट ठेवून वाचायला सांगा आणि लाल खुणा मोजा. त्या कमी होत आहेत की नाही, हे आपल्याला सहज कळेल. काही शंका असल्यास शाळा सुटल्यावर जरूर या.

तिच्या अम्मींना माझा सलाम सांगावा.

आपली,
मराठीची शिक्षिका

मित्रांनो, पत्र वाचलेत. आता तुमच्या मराठीच्या वहीतली मागची तीन श्रुतलेखने उघडा. चुकलेल्या शब्दांचे गट करा. ऱ्हस्व स्वराची खूण राहिलेले शब्द एका बाजूला, जोडाक्षर चुकलेले दुसऱ्या बाजूला, 'ण' आणि 'न' किंवा 'ळ' आणि 'ल' यांची अदलाबदल झालेले तिसऱ्या बाजूला. कोणता गट सर्वांत मोठा झाला? तुमचा अभ्यास तेथूनच सुरू करा.

स्वाध्याय

1. मुलीची अडचण भाषा समजण्यात नाही, हे शिक्षिकेने कोणत्या दोन आकड्यांवरून ओळखले?
2. मुलीने 'दिवस' हा शब्द 'दवस' असा का लिहिला? तुमच्या शब्दांत सांगा.
3. प्रकल्पात पूर्ण गुण न देण्याचे कारण कोणते? ते तुम्हांला पटते का?
4. 'प्रगती चांगली' या नोंदीऐवजी तुमच्या स्वतःच्या लेखनाविषयी एक नेमकी नोंद लिहा.