विधेयकाला कोण अडवू शकतं आणि किती दिवस?

'विधेयकाचं कायद्यात रूपांतर' हा नागरिकशास्त्रातला धडा वाचताना टप्पे, संस्था आणि अधिकार यांची हमखास सरमिसळ होते. ती टाळायचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: इथे 'नाही' म्हणायचा अधिकार कुणाला आहे आणि त्या 'नाही'ची ताकद किती? मार्च 2002 मधल्या 'पोटा' विधेयकाच्या दहा दिवसांत या प्रश्नाची बरीचशी उत्तरं सापडतात.

नाव आधी, पण मंजुरी शेवटी

विधेयक मांडलं जातं ते पहिलं वाचन. मंत्री परवानगी मागतात, सभागृह ती देतं आणि विधेयक पटलावर येतं. यावेळी त्यातल्या तरतुदींवर सविस्तर चर्चा होत नाही. खरी कसोटी दुसऱ्या वाचनात लागते. आधी सर्वसाधारण चर्चा होते, गरज वाटली तर विधेयक समितीकडे जातं आणि मग एकेका कलमावर मत घेतलं जातं. इथे एक गंमत आहे. मतदान दुसऱ्या कलमापासून सुरू होतं. पहिलं कलम आणि विधेयकाचं नाव सगळ्यात शेवटी मंजूर होतं, कारण मधल्या दुरुस्त्यांमुळे नावही बदलावं लागू शकतं. तिसऱ्या वाचनात फक्त 'हवं की नको' एवढंच ठरतं.

समितीचा अधिकार शिफारशीपुरता असतो. तिचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. विधेयक नाकारायचा अधिकार सभागृहाचा आहे, समितीचा नाही.

राज्यसभेचं खणखणीत 'नाही'

दहशतवाद प्रतिबंधक विधेयक, म्हणजेच 'पोटा', लोकसभेने 18 मार्च 2002 रोजी मंजूर केलं. राज्यसभेत वाजपेयी सरकारकडे बहुमत नव्हतं. तिथे 21 मार्चला विधेयकाच्या बाजूने 98 आणि विरोधात 113 मतं पडली. विधेयक फेटाळलं गेलं.

साध्या विधेयकाच्या बाबतीत दोन्ही सभागृहांचा अधिकार सारखाच असतो, त्यामुळे गाडी इथेच अडते. अशा वेळी राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. त्यासाठी तीनपैकी एक कारण लागतं: दुसऱ्या सभागृहाने विधेयक फेटाळणं, दुरुस्त्यांवर एकमत न होणं किंवा विधेयक सहा महिन्यांहून अधिक काळ पडून राहणं.

फक्त तीनदा झालेली बैठक

26 मार्चला मध्यवर्ती सभागृहात दोन्ही सभागृहांचे सदस्य एकत्र बसले आणि विधेयक 425 विरुद्ध 296 मतांनी मंजूर झालं. 28 मार्चला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांची सही झाली. पहिल्या मंजुरीपासून सहीपर्यंत अवघे दहा दिवस!

संयुक्त बैठकीत पारडं लोकसभेकडे झुकतं, ते संख्येमुळे. इथे मतं सभागृहवार मोजत नाहीत, सगळ्यांची एकत्र मोजतात, आणि लोकसभेचे सदस्य राज्यसभेच्या दुपटीहून जास्त आहेत. आजवर अशा बैठकीने तीनच विधेयकं मंजूर झाली: 1961 मध्ये हुंडाबंदी, 1978 मध्ये बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं विधेयक आणि 2002 मध्ये 'पोटा'.

या बैठकीचं अध्यक्षस्थान लोकसभेच्या अध्यक्षांकडे असतं. पण त्याच महिन्यात, 3 मार्चला, अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांचं हेलिकॉप्टर अपघातात निधन झालं होतं. त्यामुळे बैठक उपाध्यक्ष पी. एम. सईद यांनी चालवली. बालयोगींच्या जागी मे महिन्यात निवडून आले ते आपले मनोहर जोशी.

चौदा दिवसांचं 'नाही'

धन विधेयक आलं की राज्यसभेचा अधिकार एकदम आक्रसतो. ते फक्त लोकसभेत मांडता येतं. राज्यसभा ते फेटाळू शकत नाही, चौदा दिवसांत शिफारशी करू शकते, आणि त्या मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. विधेयक धन विधेयक आहे की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात.

2016 चं आधार विधेयक याचं ठळक उदाहरण. अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी ते धन विधेयक ठरवलं. 16 मार्चला राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्या त्याच दिवशी नाकारल्या आणि विधेयक मंजूर झालं. बहुमत असूनही राज्यसभेतल्या विरोधकांच्या हाती काही उरलं नाही. म्हणूनच धन विधेयकाच्या शिक्क्यावरून एवढे वाद होतात.

घटनादुरुस्तीत मात्र उलटा प्रकार. तिथे दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे विशेष बहुमत लागतं आणि संयुक्त बैठकीची वाटच नाही. इथे राज्यसभेचं 'नाही' अखेरचं ठरतं.

मुंबईत ही पळवाट नाही

महाराष्ट्रातही दोन सभागृहं आहेत, पण राज्यात संयुक्त बैठकीची सोयच नाही. विधानसभेने मंजूर केलेलं साधं विधेयक विधान परिषद पहिल्या फेरीत तीन महिने रोखू शकते. विधानसभेने ते पुन्हा मंजूर केलं की परिषदेकडे फक्त एक महिना उरतो. त्यानंतर परिषदेची संमती असो वा नसो, विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं मानलं जातं. राज्यसभा साधं विधेयक अडवू शकते, विधान परिषद फक्त उशीर करू शकते. परीक्षेत हमखास चुकणारा फरक तो हाच.

न बोलता दिलेला नकार

राष्ट्रपती साधं विधेयक एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं की संमती द्यावीच लागते. 2006 मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांविषयीचं विधेयक परत पाठवलं. संसदेने ते तसंच पुन्हा मंजूर केलं आणि कलाम यांनी सही केली. धन विधेयक परत पाठवता येत नाही आणि घटनादुरुस्ती विधेयकाला तर संमती देणं बंधनकारकच आहे.

पण परत पाठवण्याचा निर्णय किती दिवसांत घ्यायचा, याची ठरावीक मुदत राज्यघटनेच्या अनुच्छेद 111 मध्ये नाही. 1986 मध्ये टपाल विधेयक आलं. त्यात लोकांची पत्रं अडवण्याचे व्यापक अधिकार होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही, ते परतही पाठवलं नाही. 1987 मध्ये त्यांची कारकीर्द संपली, तरी विधेयक तसंच पडून होतं.

सही झाली, पण कायदा सुरू झाला का?

धड्यात हा शेवटचा टप्पा बहुधा एका ओळीत उरकतात. सहीनंतर विधेयक कायदा होतं, पण तो कधीपासून लागू होणार हे त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात लिहिलेलं असतं. तिथे 'केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवेल त्या तारखेपासून' असं असेल, तर चावी सरकारच्या हाती राहते. दिल्ली भाडे कायदा 1995 मध्ये संसदेने मंजूर केला, त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. ती अधिसूचना मात्र कधी निघालीच नाही, आणि कायदा अमलात आला नाही.

तेव्हा 'विधेयक मंजूर' ही बातमी वाचली की आधी पाहा ते कोणत्या सभागृहात मंजूर झालं. मग पाहा ते साधं आहे, धन विधेयक आहे की घटनादुरुस्ती. आणि सही झाली असेल, तर पहिलं कलम उघडून तारीख शोधा.