चुकलेल्या उत्तरालाही गुण

केंब्रिजच्या ए लेव्हल गणिताच्या गुणदान योजनेत प्रत्येक गुणामागे एक अक्षर असतं. ‘एम’ म्हणजे रीतीचा गुण, ‘ए’ म्हणजे अचूकतेचा. आणि रीतच चुकली तर तिच्यावर अवलंबून असलेला ‘ए’ मिळत नाही.

समजा, 3x² + 4x चं 0 ते 2 संकलन चार गुणांना आहे. मुलीने x³ + 2x² ऐवजी x³ + 4x² लिहिलं. घातांक वाढवला, म्हणून एम मिळाला. सहगुणक चुकला, ए गेला. मग तिने 2 आणि 0 घालून वजाबाकी मांडली, पुन्हा एम. उत्तर 16 ऐवजी 24 आलं, शेवटचा ए गेला. तरी चारपैकी दोन!

तिने नुसतं ‘24’ लिहिलं असतं, तर परीक्षकाला रीत दिसलीच नसती. किमती घातल्याची ओळ म्हणूनच गाळू नये. आळशी मुलं नेमकी तीच गाळतात.