एक थप्पी राहिली

रात्री साडेबाराचा सुमार. भिवंडीजवळच्या एका गोदामात खाद्यतेलाच्या पेट्या गाडीत चढताहेत आणि मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये चार-पाच जण एकाच वेळी टाइप करताहेत. गोदाम, मुकादम आणि क्लार्क नमुन्यासाठी घेतले आहेत, पण असे संदेश भिवंडीच्या कुठल्याही डिस्पॅच ग्रुपमध्ये रोज रात्री वाचायला मिळतात.

> १०:५२ – नागपूर वाडी २८० पेटी लावा
> ११:३५ – गाडी लागली ४४१७
> १२:०४ – ४० कमी आहे. एक थप्पी राहिली
> १२:१५ – ती गाडी बसली, क्लच. दुसरी लावतोय २०९३
> १२:३८ – २४० भरले. निघते. समृद्धीने. उद्या संध्याकाळी टच

ग्रुपमधल्या प्रत्येकाला हे समजले. ज्याला समजणार नाही तो माणूस ग्रुपमध्ये नाही. तो नागपूरजवळ वाडीच्या गोदामात परवा सकाळी हातात कागद घेऊन उभा असेल. तो कागद म्हणजे बिल्टी, व्यापाऱ्यांच्या बोलण्यातला एलआर. या पाच ओळींवरून बिल्टी करायचे काम डिस्पॅच क्लार्ककडे असते, आणि त्यासाठी त्याच्या हाती जेमतेम दहा मिनिटे असतात, कारण ड्रायव्हरने गाडी चालू केलेली असते.

सुरुवात संख्येपासून. शेवटच्या दोन-तीन संदेशांवर नजर टाकणाऱ्याला ‘४० कमी’ आणि ‘२४० भरले’ एवढेच दिसते. तो सहज २४० मधून ४० वजा करून २०० लिहून मोकळा होतो. वरपासून वाचणाऱ्याला कळते की मागणी २८० ची होती, ४० कमी पडल्या आणि २४० गेल्या. तरीही मुरलेला क्लार्क हे उत्तर चॅटवरून घेत नाही, चॅटवरून तो फक्त प्रश्न घेतो. उत्तर त्याला मुकादमाच्या टॅलीत सापडते. इथे पेट्या थप्पीने मोजतात: तळाला ८, त्यावर एकूण ५ थर, म्हणजे थप्पी ४० ची. एक थप्पी गाडीत गेली की दाराच्या आतल्या बाजूला खडूची एक रेघ. आज रेघा ६ आहेत आणि सातवी थप्पी धक्क्यावर तशीच उभी आहे. ६ गुणिले ४० म्हणजे २४०. ‘एक थप्पी राहिली’ हे चॅटमधले वाक्य या हिशेबाशी जुळते, आणि इथे आकडा पक्का होतो.

दुसरा साक्षीदार काटा. एक लिटर तेलाचे वजन एक किलो भरत नाही, सुमारे ९१० ग्रॅम भरते. बारा पाऊचच्या पेटीत तेल जवळपास १०.९ किलो, पाऊच आणि पुठ्ठा धरून पेटी साधारण ११.४ किलोची. २४० पेट्यांचे वजन झाले २,७३६ किलो. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या वजनातला फरक काट्याच्या पावतीवर २,७४० आला, म्हणजे ठीक. २८० भरल्या असत्या तर तो ३,१९० च्या आसपास आला असता. थप्पीभर चूक काटा हमखास पकडतो. एका पेटीची चूक मात्र तो पकडत नाही. अकरा किलोंचा फरक मधे भरलेल्या डिझेलमध्ये किंवा खाली उतरलेल्या क्लीनरमध्ये बुडून जातो. म्हणून टॅलीही लागते आणि काट्याची पावतीही.

बिल्टीवर ‘२४०’ एवढाच आकडा लिहिला तर वाद नागपुरात सुरू होतो. २४० काय? पेट्या, पाऊच की लिटर? ‘२४० पेट्या × १२ पाऊच × १ लिटर, ढोबळ वजन २,७४० किलो’ असे लिहिले की पुढे विचारायला काही उरत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही या ओळीला वजन आहे. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यानुसार वाहतूकदाराने दिलेल्या पावतीवरचे वजन आणि नगांची संख्या हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. ते खोटे आहे असे ज्याचे म्हणणे असेल, ते सिद्ध करणे त्याच्या अंगावर येते. रात्री पाऊण वाजता घाईत लिहिलेला एक शून्य वर्षभर पाठ सोडत नाही तो यामुळे.

आता गाडी. ग्रुपमध्ये गाड्यांना शेवटच्या चार आकड्यांनी हाक मारतात आणि गोदामात ते चालतेही. बिल्टीवर पूर्ण क्रमांक लागतो, कारण एमएच ०४ आणि एमएच ४८ अशा दोन वेगळ्या नोंदणीच्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे सारखे असू शकतात आणि कधी कधी त्या एकाच आवारात उभ्या असतात. क्लार्क क्रमांक चॅटवरून उतरवत नाही. तो बाहेर जाऊन पाटी वाचतो, किंवा गेटवरच्या रजिस्टरातून घेतो. आज तर गाडीच बदलली आहे. ११:३५ चा संदेश वाचून कोणी आधीच कागद केला असेल, तर त्यावर क्लच गेलेल्या गाडीचा क्रमांक आहे आणि माल दुसऱ्याच गाडीत आहे.

आणि तो कागद झालेला होताच. अकरा वाजता २८० पेट्यांचे बिल निघाले, पाठोपाठ ४४१७ च्या नावाने ई-वे बिलही. राज्यांतर्गत वाहतुकीला महाराष्ट्रात एक लाखाच्या वरच्या मालासाठी ते लागते आणि हा माल त्याच्या कितीतरी वर आहे. नुसती गाडी बदलली असती तर काम सोपे होते: ई-वे बिलाच्या ‘भाग ब’मध्ये नवा क्रमांक भरला की झाले. इथे मालच कमी झाला आहे. तयार ई-वे बिलातला माल किंवा रक्कम दुरुस्त करता येत नाही. ते रद्द करायचे, २४० चे नवे बिल करायचे आणि त्यावर नवे ई-वे बिल काढायचे. रद्द करायला २४ तासांची मुदत असते, तीही वाटेत कोणी अधिकाऱ्याने ते तपासलेले नसेल तर. गाडी गेटबाहेर पडायच्या आत हे उरकावे लागते. ‘जाऊ दे, ४० उद्या पाठवतोच आहे’ म्हणत जुन्याच कागदावर गाडी सोडायचा मोह मोठा असतो. वाटेत तपासणी झाली तर कागदावर २८० आणि गाडीत २४०, आणि मधल्या ४० कुठे उतरवल्या याचे उत्तर ड्रायव्हरला द्यावे लागते. त्या बिचाऱ्याला थप्पीचा काही पत्ताही नसतो.

‘समृद्धीने’ हा एक शब्द मात्र पुष्कळ काही सांगतो. जीएसटीच्या नियमांत बिल्टीवर काय हवे ते ठरवून दिले आहे: पाठवणारा, घेणारा, ढोबळ वजन, गाडीचा क्रमांक, मालाचे वर्णन, निघण्याचे आणि पोचण्याचे ठिकाण, कर कोण भरणार त्याचा जीएसटी क्रमांक. रस्ता आणि पोचण्याची वेळ त्या यादीत नाहीत. ती गरज धंद्याची आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि आमणे भिवंडी तालुक्यातच आहे, त्यामुळे भिवंडीची गाडी आता कसाऱ्याचा जुना घाट टाळून थेट ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर चढते. पण टोल वाचवायला ड्रायव्हर धुळे-जळगावकडून जुन्या रस्त्याने गेला, तर वेळेचा सगळा हिशेब कोसळतो. म्हणून क्लार्क लिहितो: ‘भिवंडी – आमणे – समृद्धी – शिवमडका – वाडी’. गाडी उशिरा आली तर कोणत्या टप्प्यावर चौकशी करायची ते या ओळीवरून कळते.

सगळ्यात घसरडा शब्द शेवटी आहे. ‘उद्या’.

संदेश १२:३८ चा आहे. तारीख बदलून अडतीस मिनिटे झाली आहेत. समजा, १२ ची १३ झाली आहे. लिहिणारा अजून झोपलेला नाही, त्याच्या मनात आज १२ च आहे, म्हणून त्याचा ‘उद्या’ म्हणजे १३. वाडीचा माणूस १३ ला सकाळी चहा घेताना हा संदेश वाचेल आणि त्याचा ‘उद्या’ होईल १४. त्यामुळे बिल्टीवर ‘आज’, ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द येऊ द्यायचे नाहीत, तारीख लिहायची, असा नियम जाणती कार्यालये पाळतात. बुकिंगची तारीखही तेवढीच महत्त्वाची. माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, नाहीतर दावा चालत नाही. ई-वे बिलाचे गणितही तारखेवर आहे. दर २०० किलोमीटरला एक दिवस, आणि पहिला दिवस संपतो तो बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री. रात्री ११:५० ला काढलेल्या बिलापेक्षा १२:५० ला काढलेल्या बिलाला मुदत एक दिवस जास्त मिळते.

आता संध्याकाळ. १३ ची संध्याकाळ शक्य आहे का? दोन्ही टोकांचे तुकडे धरून अंतर साधारण ७४० किलोमीटर. समृद्धीवर मालगाडीला ताशी ८० ची मर्यादा असली, तरी भरलेल्या गाडीची सरासरी ४५ धरलेली बरी. म्हणजे नुसते चालवण्याचेच साडेसोळा तास. ड्रायव्हर एकच आहे. २०२५ मध्ये रद्द झालेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाचे काम आठ तासांचे होते, लांब पल्ल्याला फार तर दहा. शिवाय सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे. तोच हिशेब अजूनही धरलेला बरा. पहाटे सव्वाला निघालेली गाडी हे सांभाळून दुपारी बाराच्या सुमारास ४५० किलोमीटरवर थांबेल. १४ ला पहाटे चारला पुन्हा निघाली तर उरलेल्या २९० किलोमीटरना साडेसहा तास. म्हणजे वाडीला साडेदहा-अकरा. ‘संध्याकाळी टच’ ही ड्रायव्हरला न विचारता दिलेली जबान आहे. क्लार्क गोदामात फोन करून एवढेच विचारतो, ‘मुकादम, ड्रायव्हर एक की दोन?’ उत्तर येते, ‘एकच आहे साहेब, दुसरा त्या बसलेल्या गाडीपाशी थांबला.’

दहा मिनिटांनी बिल्टी तयार होते:

> बुकिंग: १३ तारीख, रात्री १२:५५
> माल: खाद्यतेल, २४० पेट्या × १२ पाऊच × १ लिटर
> ढोबळ वजन: २,७४० किलो (काटा पावती जोडली)
> गाडी: एमएच ०४ … २०९३ (पाटी पाहून, ४४१७ ऐवजी)
> मार्ग: भिवंडी – आमणे – समृद्धी – शिवमडका – वाडी
> अपेक्षित पोच: १४ तारीख, सकाळी ११ ते दुपारी १, ड्रायव्हर एक
> शेरा: मागणी २८०, बाकी ४० पेट्या वेगळ्या बिल्टीने

वेळ एका ठोक्याची नाही, दोन तासांच्या पट्ट्यातली आहे. क्लार्कने ती मुद्दाम तशी ठेवली: वाडीला हमाल कधी बोलवायचे ते तेवढ्यावरून ठरते. कंसातले ‘पाटी पाहून’ बऱ्याच कार्यालयांत लिहीत नाहीत. उद्या दोन कागदांवर दोन क्रमांक निघाले, तर कोणता डोळ्यांनी पाहिलेला होता ते त्या दोन शब्दांवरून कळते. मग क्लार्क हाच मजकूर ग्रुपमध्ये टाकतो आणि मुकादमाच्या ‘बरोबर’ची वाट पाहतो. अंगठ्याचे चिन्ह त्याला चालत नाही, कारण ते कोणत्या आकड्याला आहे हे कळत नाही.

१४ ला सव्वाअकराला गाडी वाडीच्या धक्क्याला लागली. पेट्या मोजून झाल्यावर गोदामवाल्याने बिल्टीच्या प्रतीमागे लिहिले: ‘२४० मिळाल्या, पैकी १ ओली, २ पाऊच फुटलेले. १२:२०’. खाली सही आणि शिक्का. भिवंडीत तोपर्यंत राहिलेली थप्पी दुसऱ्या गाडीत चढत होती आणि ग्रुपमध्ये नवा संदेश आला होता: ‘कालचीच ४० टाकली’.