स्नेहमेळाव्याची पोस्ट: आठवण सांगायची तर वस्तू सांगा

शाळेच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला की संध्याकाळी फोटो टाकले जातात आणि वर चार ओळी येतात: ‘तीस वर्षांनी सारे भेटलो. आठवणींना उजाळा मिळाला. गेले ते दिवस, राहिल्या फक्त आठवणी. सोनेरी क्षण पुन्हा जगलो.’ लिहिणाऱ्याचा गळा खरोखर दाटून आलेला असतो, पण वाचणाऱ्यापर्यंत ते पोहोचत नाही. या ओळींवर दुसऱ्या कुठल्याही शाळेचं नाव घातलं, तरी काही बिघडत नाही. प्रत्येक वाक्याला हीच कसोटी लावावी आणि जे कुठेही चालेल ते खोडावं. वरच्या पोस्टमध्ये मग ‘तीस वर्षांनी’ एवढंच उरतं.

आता स्वतःला विचारायचं, फक्त आपल्याच शाळेत काय होतं? समजा, उत्तर आलं: घंटा. मग पोस्ट अशी होते:

‘दहावी ब, १९९५. आमची घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. टोले द्यायला भांडणं व्हायची, कारण ज्याची पाळी असेल त्याला तास संपायच्या आधीच वर्गाबाहेर सुटता यायचं. रविवारी गेलो तर शाळेत विजेची बेल. रूळ मात्र तिथंच. कुणीतरी हातोडी आणली आणि पन्नाशीकडे झुकलेले आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो, कुणी न सांगता, हजेरीच्या क्रमानं.’

यात ‘आठवण’ हा शब्दच नाही. तरी हजेरीच्या क्रमापाशी वाचणारा थांबतो, कारण तीस वर्षं उलटली तरी काय टिकलं ते त्याचं त्यालाच कळतं. क्रियापदांकडेही पाहा. ‘व्हायची’, ‘यायचं’ ही रोजची सवय सांगतात, ‘आणली’, ‘उभे राहिलो’ एकदाच घडलेलं सांगतात. ‘खेळायचो, भांडायचो, रडायचो’ एवढ्यावरच पोस्ट थांबली, तर डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. सवयीला एका प्रसंगाची जोड हवी.

वस्तू मात्र एकच निवडावी. चिंचा, कंपासपेटी, शाईचे डाग, मधल्या सुट्टीतला डबा असं सगळं भरलं की पोस्ट पुन्हा कुणाचीही होते, कारण ही यादीही आता गुळगुळीत झाली आहे. टाकण्याआधी मजकूर बॅचच्या ग्रुपवर दाखवावा. ‘कडुलिंब नव्हे, चिंच होती’ असं कुणी म्हटलं तर दुरुस्त करावं. कुणाचं चिडवायचं नाव, छडी किंवा नापास होणं त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय लिहू नये.

शेवटी ‘खरंच, काय दिवस होते ते!’ असं जोडायचा मोह होतो. ते वाक्य खोडून पोस्ट पुन्हा वाचावी. काही उणं वाटलं, तर प्रसंगच अपुरा सांगितला आहे असं समजावं आणि तो नीट लिहावा.